कर्वेनगरचा 2 बीएचके 52 दिवस रिकामा, लवकर भाड्याने कसा द्यावा?

प्रश्न: आमचा कर्वेनगरला, पुण्यात, 2 बीएचके आहे, तिसरा मजला, लिफ्ट नाही, कव्हर्ड पार्किंग आहे. आम्ही नाशिकला असतो. जुने भाडेकरू जूनमध्ये गेले, तेव्हापासून 52 दिवस फ्लॅट बंद आहे. 26,000 सांगतोय. दोन पोर्टलवर टाकलाय, आठ-दहा एजंटना सांगितलंय, फोन येतात पण निम्मे एजंटचेच. आतापर्यंत 6 जणांनी पाहिला, सगळे "कळवतो" म्हणाले आणि गायब. चावी शेजारच्या काकांकडे असते. गणपतीच्या आत द्यायचाय, नक्की काय काय करू?

उत्तर:

मी कोथरूड-कर्वेनगर-वारजे याच पट्ट्यात 17 वर्षं भाड्याचंच काम करतोय, म्हणजे मी स्वतः एजंट आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे एजंटांबद्दल जे लिहिणार आहे ते त्या हिशोबाने वाचा.

पहिल्यांदा कागद-पेन घ्या. 26,000 भाडं म्हणजे दिवसाला साधारण 865 रुपये. 52 दिवस म्हणजे 45,000 गेले, मेंटेनन्स तुम्ही भरताय तो वेगळाच. आता समजा तुम्ही पहिल्या दिवसापासून 24,000 सांगितलं असतं आणि आठवड्यात गेला असता, तर अकरा महिन्यांत तुमचं नुकसान किती, तर 22,000. म्हणजे 22,000 वाचवायला 45,000 घालवून बसलात, आणि मीटर अजून चालूच आहे. हे टोचून बोलायला नाही सांगत, पण इथून पुढचा प्रत्येक निर्णय, रंग द्यायचा का, एजंटला पैसे द्यायचे का, हजार कमी करायचे का, हा "याने किती दिवस वाचतील" याच मापाने मोजायचा. 24,000 च्या भाड्यात एक दिवस म्हणजे 800 रुपये. महिन्याला हजार कमी केले तर अकरा महिन्यांचे 11,000, म्हणजे 14 दिवसांपेक्षा कमी. हा एवढा गुणाकार डोक्यात ठेवा, बास.

दुसरं, "लवकर जात नाहीये" हे काही निदान नाही. गळती तीन ठिकाणी होते आणि तिन्हीचा उपाय वेगळा आहे. फोनच येत नसतील तर भाडं किंवा फोटो चुकलेत. फोन येतात पण माणूस बघायला येत नाही, तर माहिती अर्धवट आहे किंवा चावीचा घोळ आहे. बघून जातात आणि कळवत नाहीत, तर घरात काहीतरी आहे जे तुम्हाला दिसत नाहीये आणि त्यांना दिसतंय. माझ्या अनुभवात या भागात भाडं बरोबर असलेल्या 2 बीएचकेला पहिल्या आठवड्यात खऱ्या भाडेकरूंचे 15-20 फोन येतात, त्यातले 7-8 बघायला येतात आणि त्यातला एखादा पक्का होतो. तुमच्याकडे 52 दिवसांत 6 जण. म्हणजे वरची गळती पण आहे आणि 6 पैकी एकही पक्का नाही म्हणजे खालची पण. त्यामुळे आत्ता बोर्ड छापायला पळू नका, गळक्या बादलीत पाणी ओतल्यासारखं होईल ते.

भाड्यापासून सुरू करू. 26,000 हा आकडा तुम्ही बहुतेक पोर्टलवर आजूबाजूचे फ्लॅट बघून काढला असणार, सगळे तेच करतात. पण पोर्टलवर जे आकडे दिसतात ते न गेलेल्या फ्लॅटचे असतात हो, जो गेला तो तिथून निघून जातो. खरं भाडं कळायचं असेल तर दोन माणसांना विचारा, एक तुमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, कारण भाडेकरूच्या कराराची कॉपी त्यांच्याकडे जमा होते, आणि दुसरा घरी येऊन अंगठे घेऊन करार रजिस्टर करणारा माणूस, त्याच्या हाताखालून महिन्याला त्या गल्लीतले बरेच करार जातात आणि कोणत्या बिल्डिंगमध्ये कितीला झालं हे त्याला पाठ असतं. मी तुमच्या जागी असतो तर 24,500 लिहून 24,000 ला तयार राहिलो असतो. लिफ्ट नसलेला तिसरा मजला आहे, त्याचे हजार-दीड हजार बाजार कापतोच, तुम्ही नाही कापले तरी. आणि अजून एक गोष्ट, लोक पोर्टलवर बजेटचा फिल्टर लावतात, 25,000 पर्यंत असा, त्यांना तुमचा 26,000 वाला फ्लॅट दिसतच नाही. म्हणजे जो 24,500 ला हो म्हणाला असता त्याला तुम्ही आहात हेच माहीत नाही. मेंटेनन्स धरून की वेगळा हे पहिल्याच ओळीत लिहा, बघायला आल्यावर "मेंटेनन्स वेगळा" ऐकलं की माणूस तिथेच मनातून उतरतो.

मग घर. 52 दिवस बंद असलेल्या फ्लॅटमध्ये दार उघडल्यावर काय होतं हे तुम्ही नाशिकला असल्यामुळे तुम्हाला माहीतच नसणार. बाथरूमच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, त्यात पाणी साठून राहतं आणि त्या पाण्यामुळे ड्रेनेजचा वास वर येत नाही. घर बंद राहिलं की काही आठवड्यांत ते पाणी सुकतं आणि मग वास, झुरळं सगळं घरात. बघायला आलेली बाई दारातच नाक मुरडते, तोंडावर काही बोलत नाही, "कळवतो" म्हणते. तुमचे 6 च्या 6 "कळवतो" यातलेच असतील तर मला अजिबात आश्चर्य वाटणार नाही. उपाय फुकट आहे, आठवड्यातून एकदा प्रत्येक जाळीत, सिंकमध्ये आणि कमोडमध्ये बादलीभर पाणी. त्याशिवाय लाइट बिल भरलेलं असू द्या, मीटर कापलेला असला की संध्याकाळी मोबाइलच्या टॉर्चवर घर दाखवावं लागतं आणि टॉर्चमध्ये कुठलंही घर भुताटकीचंच दिसतं. सगळ्या खोल्यांत नवे पांढरे बल्ब, पंखे पुसलेले, गळके नळ बदललेले, आणि एकदा माणसं लावून पूर्ण साफसफाई. पूर्ण रंगाच्या मागे लागू नका, हॉलची समोरची भिंत आणि जिथे ओल दिसते तो भाग एवढंच करा, पण ओल आधी बंद करून मग रंग, नुसता रंग मारला तर पहिल्या मोठ्या पावसात तो फुगून तुमचं पितळ उघडं पाडेल.

एवढं झालं की मग फोटो, आधी नाही. सकाळी 10-11 ला, पडदे बाजूला, सगळे लाइट चालू, मोबाइल आडवा धरून, खोलीच्या कोपऱ्यात छातीच्या उंचीवरून. पहिला फोटो हॉलचा, दुसरा किचनचा, मग बेडरूम, मग बाथरूम, बाथरूमचा फोटो नसला की लोक वाईटच गृहीत धरतात. शेवटी पार्किंग आणि गॅलरीतून दिसणारं बाहेरचं. सोबत मिनिटभराचा व्हिडिओ, दार उघडण्यापासून सलग, न कापता. हा व्हिडिओ म्हणजे चाळणी आहे, प्रत्येक फोनवाल्याला आधी हा पाठवायचा, बघून ज्याला यावंसं वाटेल तोच येतो आणि तुमच्या चावीवाल्याचे हेलपाटे वाचतात. तिसरा मजला, लिफ्ट नाही हे लपवू नका. ज्याच्या आईचे गुडघे दुखतात तो जिना चढून वर येऊन परत जाण्यापेक्षा फोनवरच गेलेला बरा.

पोर्टलबद्दल. नोब्रोकर, नाइन्टीनाइन एकर्स, मॅजिकब्रिक्स, हाउसिंग, कुठलेही दोन पुरे, शिवाय फेसबुकवर पुण्याचे फ्लॅटचे ग्रुप आहेत तिथे. तुमची जुनी जाहिरात काढून टाका आणि नव्या फोटोंनी, नव्या भाड्याने नव्याने टाका. सुरुवातीच्या दिवसांत जाहिरात वर दिसते आणि ज्यांनी अलर्ट लावलेत त्यांच्याकडे जाते, 50 दिवसांची जाहिरात शिळी होते, आणि "इतके दिवस का गेला नाही" ही शंका वर. टाकायची गुरुवारी, कारण लोक गुरुवार-शुक्रवार फोन करतात आणि शनिवार-रविवार बघत फिरतात. सोमवारी टाकलीत तर शनिवार येईपर्यंत खाली गेलेली असते. वर्णन साधं लिहा, साधारण असं: "2 बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही, कव्हर्ड पार्किंग 1 कार, कमिन्स कॉलेजपासून चालत अमुक मिनिटं, भाडं 24,500 मेंटेनन्स धरून, डिपॉझिट 75,000, 1 तारखेपासून राहायला मिळेल, शनिवार संध्याकाळी 5 ते 7 बघता येईल." झालं. ते "हवेशीर, प्रसन्न, पॉश" कोणी वाचत नाही.

अटी मात्र कमी करा. "फक्त फॅमिली, फक्त शाकाहारी, पाळीव प्राणी नाही, अमुक समाजाचेच" असं एकेक लिहीत गेलात की प्रत्येक अटीला गिऱ्हाईक कमी होतं, आणि समाज-धर्म बघून घर नाकारणं मला माणूस म्हणूनही पटत नाही, धंद्याचं जाऊ दे. कर्वेनगरला कमिन्समुळे मुली, नोकरी करणाऱ्या दोन-तीन जणी मिळून घर घेणाऱ्या, हे मोठं गिऱ्हाईक आहे, त्यांना नाही म्हणण्याआधी सोसायटीचा काही नियम आहे का ते लेखी विचारा. बऱ्याचदा नियम नसतोच, वॉचमनने परस्पर बनवलेला असतो.

आता चावी. मला विचाराल तर तुमच्या सगळ्या प्रकरणात हाच मोठा घोळ आहे. शेजारचे काका चांगले असतील, पण ते दुपारी झोपणार, संध्याकाळी फिरायला जाणार, आणि घर बघणारा माणूस नेमका ऑफिस सुटल्यावर 7 ला येणार. तो एका संध्याकाळी चार-पाच घरं बघतो, त्यात तुमचं बंद सापडलं तर परत नाही येत, त्यातलंच एखादं टोकन देऊन मोकळा होतो. एजंटचं पण तेच, गाडीवर गिऱ्हाईक बसवलेलं असताना तो ज्या घराची चावी हमखास मिळते तिकडेच गाडी वळवतो. तेव्हा चावी सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे किंवा कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे ठेवा, विश्वासाचा माणूस बघून, घरात किमती काही ठेवायचं नाही, आणि एक साधी वही ठेवा ज्यात येणाऱ्याचं नाव, नंबर, वेळ आणि कोणी पाठवलं हे लिहायचं. ही वही पुढे दोन कामाला येते ते सांगतो.

बोर्ड. लोक याला जुनाट समजतात, पण त्याच गल्लीत राहू इच्छिणारा माणूस फक्त बोर्डानेच सापडतो. ज्याची मुलं शेजारच्या शाळेत आहेत आणि ज्याला जुनं घर सोडायला सांगितलंय, तो पोर्टल उघडायच्या आधी संध्याकाळी स्कूटरवर गल्ल्या फिरतो. दोन बाय तीन फुटांचा फ्लेक्स, पिवळ्यावर काळं, तीनच ओळी: "2 बीएचके भाड्याने देणे", मग "कार पार्किंगसह", मग नंबर. नंबर सगळ्यात मोठा, रस्त्याच्या पलीकडून चालत्या स्कूटरवरून वाचता आला पाहिजे, लावल्यावर स्वतः पलीकडे उभं राहून बघा. भाडं बोर्डावर नको. आणि तुमचा फ्लॅट बंद आहे, तेव्हा त्याच फ्लॅटच्या गॅलरीला लावून चोराला आमंत्रण देऊ नका, सेक्रेटरींना विचारून गेटच्या आत कंपाउंडला लावा, फ्लॅट नंबर न लिहिता. झाडावर, लाइटच्या खांबावर, बसस्टॉपवर चिकटवायचं नाही, महाराष्ट्रात 1995 चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा आहे आणि नंबर तुमचाच असतो त्यावर, शोधायला कष्ट पडत नाहीत कुणाला.

तोंडी प्रचार म्हणजे चार नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅप करणं नव्हे. ज्याला घरं बदलण्याची बातमी आधी कळते त्याला गाठायचं. इस्त्रीवाला, घरकाम करणाऱ्या मावशी, दूधवाला, किराणावाला, पोळी-भाजी केंद्रवाल्या ताई. मावशी चार घरी जातात, कुठल्या घरात "मालकाने खाली करायला सांगितलंय" ही चर्चा चाललीय हे त्यांना त्या घरातल्या नवऱ्याच्या आधी कळलेलं असतं. पण नुसतं "कोणी असेल तर सांगा हं" म्हणून काही होत नाही, रक्कम सांगा आणि केव्हा मिळणार ते सांगा, "तुमच्या ओळखीतून करार रजिस्टर झाला की त्या दिवशी 2,000". आणि झालं की खरंच त्या दिवशी द्या, घरी जाऊन, म्हणजे पुढच्या वेळी न सांगता काम होतं. वॉचमनला मात्र एक गोष्ट जास्तीची सांगा, की तुझ्याकडचा माणूस नसला तरी घर गेलं की 500 तुला. नाहीतर तो दुसऱ्यांनी पाठवलेल्यांना "इथे पाण्याचा प्रॉब्लेम आहे" सांगून गेटवरूनच वाटेला लावतो. हे मी पाहिलंय, एकदा नाही. आणि हो, जूनमध्ये गेलेल्या भाडेकरूला फोन करा. त्याच्या ऑफिसात कोणी शोधतंय का विचारा, आणि हळूच विचारा की तो का गेला. जे तुमचे 6 जण सांगत नाहीयेत ते तो सांगेल.

आता आमची जमात. आठ-दहा एजंटना सांगितलंत ही चूक झाली. त्यातला कोणीही तुमच्यासाठी मेहनत घेत नाही, कारण त्याला माहितेय की बाकीचे नऊ जण आहेतच. वर प्रत्येकजण तेच फोटो वेगवेगळ्या भाड्याने ग्रुपवर टाकतो, एक 26 म्हणतो, दुसरा 27 म्हणतो म्हणजे "कमी करून देतो" म्हणायला जागा, आणि भाडेकरूला एकच फ्लॅट चार भावात दिसला की त्याला वाटतं काहीतरी गडबड आहे. एजंटांचे आपापसात मोठे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतात, एकाकडे घर, दुसऱ्याकडे गिऱ्हाईक, दोघं आपापल्या बाजूची दलाली घेतात. म्हणजे तुम्ही एकाला नीट दिलंत तरी ते सगळ्या पट्ट्यात फिरतं, दहांना द्यायची गरज नाही. तीन निवडा, ज्यांचं ऑफिस चालत 10-15 मिनिटांच्या आत आहे असे. तिघांना एकच मजकूर, एकच भाडं, तोच व्हिडिओ, तारीख टाकून. बाकीच्यांना "सध्या थांबा" असं स्पष्ट कळवा.

पैशाचं म्हणाल तर, पुण्यात बरेच मालक एजंटला काहीच देत नाहीत, तो एक महिन्याचं भाडं भाडेकरूकडून घेतो. मग त्याला तुमचं घर गेलं काय आणि शेजारचं गेलं काय, सारखंच. तुम्ही म्हणालात की "15 दिवसांत रजिस्टर करार झाला तर अर्ध्या महिन्याचं माझ्याकडून", तर तो सोमवारी सकाळी पहिला फोन तुमच्या घरासाठी करणार. 24,000 चे अर्धे 12,000, म्हणजे बरोबर 15 दिवसांचं रिकामपण. महिनाभर अजून बंद राहण्यापेक्षा स्वस्त आहे, पण तुमच्या स्वतःच्या पोर्टलवरून आठवड्यात जाणार असेल तर महाग. म्हणून मी म्हणेन पहिला शनिवार-रविवार स्वतःच्या जाहिरातीवर काढा, सोमवारी वही बघा, आणि पक्कं नसेल तर तेव्हा ही ऑफर द्या. दलाली एकदाच, अकरा महिन्यांनी तोच भाडेकरू राहिला तर परत नाही, हे आधीच मेसेजवर लिहून घ्या. दोन एजंट एकाच भाडेकरूवर हक्क सांगायला आले तर ज्याने आधी घर दाखवलं त्याचा हक्क, आणि ते तुमच्या वहीत आहे. वहीचा हा पहिला उपयोग.

दुसरा उपयोग सांगायला एक खरी केस सांगतो. दोन वर्षांपूर्वी वारज्याच्या बाजूला एका काकूंचा असाच फ्लॅट होता, दुसरा मजला, लिफ्ट नाही, 25,000 सांगून 40 दिवस पडून. मी आधी 23,500 करायला लावलं, त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत ते सोडा. गुरुवारी नवी जाहिरात, रविवारपर्यंत 31 फोन, त्यातले 12 एजंट. उरलेल्या 19 जणांना व्हिडिओ पाठवला, 9 आले, पैकी 6 शनिवारी 5 ते 7 मध्येच बोलावले होते, म्हणजे एक खाली उतरतोय तोवर दुसरा वर चढतोय. हे मुद्दाम करायचं, खोटं काही बोलावं लागत नाही, घराला मागणी आहे हे डोळ्यांना दिसतं. तरीही रविवारी रात्रीपर्यंत एकही पक्का नाही. मग मी नऊच्या नऊ जणांना फोन केला, घर घ्या म्हणून नाही, फक्त विचारलं, "नाही घेतलंत ते ठीक आहे, पण कुठे अडलं तेवढं सांगा, मालकांना दुरुस्त करता येईल." दोघं जिन्यामुळे, एकाला दुसरं मिळालं, एकाला डिपॉझिट जास्त वाटलं, आणि पाच जणांनी, पाच जणांनी बघा, किचन म्हटलं. ओट्याखालच्या ट्रॉल्या गंजून अडकल्या होत्या, एक तर ओढली की हातातच यायची. काकूंना 40 दिवसांत हे एकानेही सांगितलं नव्हतं. 6,500 मध्ये तीन ट्रॉल्या बदलल्या, बुधवारी काम झालं, त्या पाचातल्या तिघांना नवा फोटो पाठवला, एक जोडपं गुरुवारी परत आलं आणि 23,000 ला टोकन देऊन गेलं. नवी जाहिरात टाकल्यापासून आठवा दिवस. काकूंचा हिशोब, 6,500 म्हणजे जेमतेम साडेआठ दिवसांचं भाडं.

तर तुमच्या 6 जणांना आजच फोन करा, हे पहिलं काम. नंबर नसतील तर काकांना विचारा, फोनच्या हिस्ट्रीत सापडतील.

वेळेचं गणित पण बघा. तुम्ही "गणपतीच्या आत" म्हणताय ते बरोबरच आहे, पण कारण नुसते गणपती नाहीत. गणपतीत लोक घर बघत नाहीत, आणि विसर्जन झालं की लगेच पितृपक्ष, त्यात पंधरा दिवस नवीन घरात कोणी सामान हलवत नाही, माना किंवा मानू नका, फोन बंद होतात एवढं नक्की. म्हणजे आत्ताची खिडकी हुकली की सरळ नवरात्र, साधारण महिना गेला, 24,000 गेले. म्हणून या वेळी पायऱ्या पटापट चढा: पहिल्या गुरुवारी जाहिरात, सोमवारी वही, फोनच कमी असतील तर त्याच सोमवारी भाड्यात 500 कमी, बघणारे आहेत पण पक्कं होत नाही तर दुरुस्ती आणि एजंटची ऑफर, आणि दुसऱ्या सोमवारीही तेच असेल तर अजून 500. एकदम दोन हजार पाडू नका, पण तीन आठवडे एकाच आकड्यावर हट्टाने बसूही नका.

एक सावधगिरी, पोर्टलवर टाकलंत की एक फोन हमखास येतो, "मी आर्मीत आहे, बदली होऊन पुण्यात येतोय, घर न बघता पसंत आहे, डिपॉझिट आत्ता पाठवतो", आणि मग क्यूआर कोड पाठवून म्हणतो स्कॅन करा, पैसे येतील. पैसे घ्यायला कधीही स्कॅन करावं लागत नाही आणि यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की तुमचेच जातात. घर न बघता घेणारा माणूस म्हटलं की फोन ठेवा.

पक्कं झालं की 5,000 टोकन, ते मिळेपर्यंत बाकीच्यांना दाखवणं थांबवायचं नाही. "रविवारी टोकन देतो" म्हणणाऱ्यासाठी शनिवार वाया घालवू नका. करार रजिस्टर करणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. खर्च फार नाही, मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, तुमच्या 24,000 आणि 75,000 डिपॉझिटला ते 700 च्या आसपास येतं, शहरात नोंदणी फी 1,000, वर घरी येणाऱ्याची फी. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरायची. झालं की त्याच दिवशी बोर्ड काढा, जाहिरात बंद करा, तिन्ही एजंटना "गेला" असा मेसेज टाका, नाहीतर वर्षभर फोन येत राहतात आणि पुढच्या वेळी ते तुमचा मेसेज उघडत नाहीत.

आणि करारात एक ओळ नक्की घाला: नोटिशीच्या महिन्यात, आदल्या दिवशी कळवून, संध्याकाळी ठरलेल्या वेळी घर दाखवू द्यायचं. तुमचे जुने भाडेकरू मे महिन्यात नोटीस देऊन बसले असतील तेव्हाच घर दाखवता आलं असतं, ऐन ॲडमिशनच्या सीझनमध्ये, राहतं घर, नळाला पाणी, बाथरूमला वास नाही, आणि ते गेले त्याच्या पुढच्या आठवड्यात नवे आले असते. या वेळचे फोटो आणि व्हिडिओ पण नीट सांभाळून ठेवा, पुढच्या वेळी घरात माणसं राहत असताना असे रिकाम्या घराचे फोटो काढता येणार नाहीत.